आज तुमची फार आठवण आली

आमच्या शाळेत मोबाइलला रेंज नाही. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यातून झालं.

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. वेल्ह्याच्या पुढे केळदकडे जाताना एका फाट्यानं आत. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. बदल्यांच्या भाषेत हे ‘अवघड क्षेत्र’. पहिली ते चौथी मिळून १९ मुलं, खोल्या दोन. एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. माझं घर भोरला. आठवडाभर मी गावातच एक खोली घेऊन राहतो आणि शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकल काढून नसरापूर, कापूरहोळ करत घरी जातो.

पाच वर्षं माझ्यासोबत एक गुरुजी होते. ते निवृत्त झाले आणि जून २०२३ मध्ये त्यांच्या जागी बदलीनं मॅडम आल्या. त्या नसरापूरजवळ सासरी राहतात. घरी सासू, दोन मुलं. मिस्टर खेड शिवापूरच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये. रोज स्कूटरवर येणार, रोज जाणार. पावसाळ्यात वेल्ह्यापर्यंत स्कूटर आणि तिथून पुढे मिळेल ते वडाप.

गुरुजींशी माझी ओळख कशी झाली ते मला आठवतही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “तंबाखू आहे का?” माझ्याकडे नव्हती. संपलं, ओळख झाली. पुढची पाच वर्षं आम्ही शेती, भाऊबंदकी, त्यांचा गुडघा, माझं घराचं कर्ज यावर बोललो. मॅडमच्या बाबतीत पहिल्या महिन्यात आमच्यात जे बोलणं झालं ते मी एका दिवशी, उगाच म्हणून, मोजलं. “नमस्कार मॅडम.” “नमस्कार सर.” “तांदूळ किती शिल्लक आहे?” “अर्धा कट्टा.” “उद्या केंद्रप्रमुख साहेब येणार आहेत.” “हो का.” “येते सर.” “या मॅडम.” साडेदहा ते पाच, साडेसहा तासांत दोन मोठ्या माणसांची वीसेक वाक्यं. बाहेर जुलैचा पाऊस, लावणीमुळे निम्मी मुलं शेतात, आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत पाठमोरे.

वाईट कुणीच वागत नव्हतं. दोघंही नीट वागत होतो, आणि त्या नीटपणानंच सगळं गोठलं होतं. गावात येऊन महिना झालेली, लग्न झालेली बाई आणि बायको भोरला ठेवून एकटा राहणारा मास्तर. मी हसून दोन शब्द बोललो तर त्याचा अर्थ काय लागेल, या भीतीनं मी हसणंच बंद केलं होतं. नंतर कळलं, मॅडमना वाटत होतं की सरांना बाईमाणूस सोबतीला आलेलं आवडलेलं नाही. म्हणजे गैरसमज होऊ नये म्हणून गप्प राहिलो, आणि गैरसमज झालाच. तो दुसरा झाला, एवढंच.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॅडमनी एक दिवस रजा घेतली.

दोन खोल्यांतली सगळी मुलं मी एका खोलीत घेतली. पहिलीतली एक मुलगी “बाई कुठंय” म्हणून रडायला लागली, तिचं बघून दुसरी रडली. चौथीचा भागाकार तसाच राहिला. पोषण आहाराची नोंद, हजेरी, एका पोराचं दात पडून आलेलं रक्त, सगळं एकट्यानं. दुपारी चारला मी टेकलो आणि मनापासून वाटलं ते मॅडमना लिहिलं: “आज तुमची फार आठवण आली. उद्या लवकर या.” पुढे हसऱ्या चेहऱ्याचं चित्र.

शाळेत रेंज नाही, त्यामुळे मेसेज गेला नाही. मी विसरलो. रात्री जेवून, बॅटरी घेऊन, रोजच्यासारखा गावाबाहेरच्या खडकावर गेलो. तिथे एका कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज येते आणि मी भोरला घरी फोन करतो. खिशातल्या फोननं रेंज पकडली आणि चारचा मेसेज मुकाट निघून गेला. मॅडमच्या घरी फोन वाजला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. दुपारी चार वाजता, एकोणीस पोरांच्या गोंधळात, ‘तुमची आठवण आली’ म्हणजे ‘माझी धांदल उडाली’. रात्री दहाला, एकट्या राहणाऱ्या पुरुषाकडून, हसऱ्या चेहऱ्यासकट, तेच वाक्य वेगळं होतं. शब्द तेच. मराठीत ‘आठवण येणं’ हा असा शब्दप्रयोग आहे की तो कुठं, केव्हा, कुणासमोर म्हटला यावर त्याचा सगळा अर्थ. आणि त्या तिन्ही गोष्टी मी त्या खडकावर, नकळत, बदलून टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या. लवकर नाही. नमस्कार केला नाही. मधल्या सुट्टीत त्या वर्गातच बसून डबा खाऊ लागल्या. मी फोन उघडून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मेसेज अपघात होता. हे मी विचार करून केलं. शाळा सुटायच्या वेळी मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “मॅडम, कालच्या मेसेजचं मनावर घेऊ नका. माझ्या मनात तसलं काही नाही. मी तुम्हाला बहिणीसारखं मानतो.” त्यांनी पर्स उचलली, “वडाप जाईल सर,” म्हणाल्या आणि निघाल्या. मी दारातून बाजूला होईपर्यंत त्या थांबून राहिल्या होत्या, हेही मला नंतर आठवलं.

ते स्पष्टीकरण का फसलं हे कळायला मला बरेच दिवस लागले. ‘तसलं काही नाही’ म्हटलं की ‘तसलं’ दोघांच्या मधे येऊन बसतं. तोवर ते कदाचित एकाच्याच मनात असतं, किंवा कुणाच्याच नसतं. वर, समोरच्यानं काय वाटून घ्यायचं हे मीच ठरवून देत होतो: मनावर घेऊ नका. पुरेसं होतं ते इतकंच: “मॅडम, तो मेसेज मी दुपारी लिहिला होता, रेंज नव्हती म्हणून रात्री गेला. चुकलंच माझं. पुन्हा असा जाणार नाही.” घडलं काय ते सांगायचं, चूक घ्यायची, पुढे काय करणार ते सांगायचं, आणि दार सोडायचं. मनाची ग्वाही द्यायची नाही. ती कुणी मागितलेली नसते आणि तपासताही येत नाही.

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली, मग थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मला कधी लिहिलंत असं?” मी म्हटलं, “तुला रोज फोन करतो की.” ती म्हणाली, “फोनवर तुम्ही गॅस आला का एवढंच विचारता.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी स्वतःलाही विचारलं, नुसती धांदलच होती का? बोलायला माणूस हवं होतं, हे खरंच होतं. ते माणूस एक बाई होती आणि ती नसताना शाळा रिकामी वाटली, हेही खरं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण एकटेपणाचा भार ज्या माणसावर टाकायचा ते माणूस तो उचलायला तयार आहे का, हे मी विचारलं नव्हतं.

घाबरून मी कायदाही वाचला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा. १९९७ च्या विशाखा निकालातून तो पुढे आला, आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिनीवरचा अत्याचार होता, एवढं डी.एड.च्या वेळी कानावर आलेलं. मी वाचत होतो स्वतःला निर्दोष ठरवायला. माझा मेसेज लैंगिक नव्हता, मागणी नव्हती, शेरा नव्हता. त्यामुळे हायसं वाटलं. पण त्यातला एक शब्द डोक्यात राहिला: नकोसं. कृती करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा जिच्याशी ती केली तिला ती नकोशी होती का, इथून तो कायदा सुरू होतो. मी मात्र सगळा वेळ माझा हेतू हातात धरून फिरत होतो. आणि गुन्हा झाला नाही म्हणजे बरं वागलो, असं थोडंच आहे?

तीन आठवडे असेच गेले. मुलांनाही कळलं. चौथीतल्या एकानं विचारलं, “गुरुजी, बाईंशी कट्टी हाय का?”

कोंडी फुटली ती मावशींमुळे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी गावातल्याच, साठीच्या. एका दुपारी त्यांनी पोरांची पंगत उठल्यावर ओसरीवर दोन पाट मांडले, मधे स्वतः बसल्या आणि दोन्ही खोल्यांकडे तोंड करून हाक मारली, “गुरुजी, बाई, आज वालाचं बिरडं आणलंय. गार करू नका.” नाही म्हणायची सोयच नव्हती. आम्ही बसलो. मावशी एकट्याच बोलत होत्या, आवणाबद्दल, रानडुकरांबद्दल. मी एवढंच म्हटलं, “आमच्याकडे भोरात बिरडं एवढं दाट नाही करत.” मॅडम पाटाकडे बघत म्हणाल्या, “आमच्याकडे खोबरं जास्त घालतात.” महिनाभरातलं शाळेच्या कामाबाहेरचं ते आमचं पहिलं बोलणं. मावशींना उद्देशून बोललेली दोन वाक्यं, एकमेकांपर्यंत पोचलेली.

त्या ओसरीवर मला जे सापडलं ते मग मी जपून वापरत गेलो. तिथे तिसरं माणूस होतं. जागा उघडी होती, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारी, आणि कुणालाही हवं तेव्हा उठून जाता येईल अशी. दार अडवून कुणी उभं नव्हतं. विषय समोर पानात होता, कुणाच्या घरातला किंवा मनातला नव्हता. आणि बोलण्याला आपोआप शेवट होता: जेवण संपलं की घंटा. बंद वर्गात, दोघंच, वेळेची मर्यादा नाही, अशा ठिकाणी हेच बिरड्याचं वाक्य मी बोललो असतो तर मॅडमना आधी त्याचा अर्थ लावावा लागला असता. ओसरीवर नुसतं उत्तर द्यायचं होतं.

दुसरा रस्ता सापडला तो त्या रडणाऱ्या मुलीतून. ती वर्गात बोलत नसे. घरी बोलते, असं आई सांगायची. एक दिवस ती माझ्या वर्गात खडू मागायला आली आणि चक्क “दोन द्या” म्हणाली. मी ओसरीवर मॅडमना हे सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. “तुमच्याशी बोलली?” “दोनच शब्द.” “मग रोज तिलाच पाठवते खडू आणायला.” आठवडाभर ती मुलगी रोज येत होती आणि रोज मधल्या सुट्टीत आमच्याकडे बोलायला काहीतरी असे. आज तीन शब्द. आज डस्टरही मागितलं.

कामाचं बोलणं आणि गप्पा यांच्यामधे एक उंबरठा असतो, तो एका उडीत ओलांडायला गेलं की धडपडतो. कामाच्या वाक्याला स्वतःकडचं एखादं बोट जोडायचं आणि थांबायचं. “ती आज डस्टर मागत होती” हे काम. “माझी मुलगी पण बालवाडीत सहा महिने तोंड उघडत नव्हती” हे ते बोट. त्यात मॅडमना प्रश्न नाही. उचलायचं असेल तर उचलता येतं, नसेल तर “हो का” म्हणून वहीत बघता येतं, आणि कुणाचाच अपमान होत नाही. प्रश्न विचारला की उत्तर देणं भाग पडतं. सांगितलं की भाग पडत नाही. आपल्याकडे ओळख म्हणजे प्रश्नच. गाव कुठलं, माहेर कुठलं, मिस्टर काय करतात, मुलं किती. बाईनं बाईला विचारलं तर ती चौकशी असते. पण एकट्या राहणाऱ्या पुरुषानं, दुसरं कुणी नसताना, “मिस्टर कितीला येतात घरी?” असं विचारलं, तर त्या साध्या प्रश्नाला शेपूट फुटतं. घरी कोण असतं, केव्हा नसतं, जाता-येता कुठं थांबता, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मिस्टर शिफ्टला असतात हे मला मॅडमनी त्यांच्या वेळेनं सांगितलं.

आणि उत्तराकडे लक्ष ठेवायचं. मी ते शिक्षकाच्या सवयीनं करू लागलो. पोरगं नुसतं “हो गुरुजी” म्हणतंय की त्याला कळलंय, हे आपण ओळखतोच ना? मॅडमचं उत्तर एका शब्दाचं आलं, तर त्या दिवशी मी पुढे बोलायचो नाही. लागोपाठ तीन दिवस एकाच शब्दाचं आलं, तर कामाबाहेरचं बोलणं मीच बंद केलं असतं, आणि तसं ठरवूनही ठेवलं होतं. हसण्यावर जायचं नाही. बाईला नोकरीत हसावं लागतं. साहेबांसमोर हसते तसंच माझ्यासमोरही हसत असेल. खरी खूण एकच, उलटा प्रश्न. साधारण सप्टेंबर असेल, मी म्हटलं, “शनिवारी मुलगी पुस्तक घेऊन बसते, मला झोपू देत नाही,” आणि मॅडम म्हणाल्या, “कुठलं पुस्तक वाचते?” तो पहिला उलटा प्रश्न. त्या दिवशी मी उत्तर दिलं आणि घंटेला उठलो. भूक असताना उठावं म्हणतात तसं.

हसण्यावर जायचं नाही, याला एक जुना प्रयोगही आहे. १९८२ साली अमेरिकेत अँटोनिया ॲबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो केला. कॉलेजातला एक मुलगा आणि एक मुलगी यांना पाच मिनिटं गप्पा मारायला बसवलं आणि दुसरा एक मुलगा नि मुलगी यांना लपून ते बघायला लावलं. मग चौघांनाही विचारलं, त्या मुलीचं वागणं कसं होतं? मुलांना, म्हणजे बोलणाऱ्या आणि नुसतं बघणाऱ्या दोघांनाही, तिच्या वागण्यात मुलींपेक्षा जास्त लाडीकपणा, जास्त ओढ दिसली. मुलगी आपली साधी बोलत होती. मला यात तो लपून बघणारा मुलगा जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या शाळेसमोर पार आहे आणि पारावर असे पाच-सहा जण कायम असतात. त्यातले बहुतेक पुरुष. म्हणजे मॅडम मोकळेपणानं हसल्या तर तो हिशेब आधीच तिरका मांडला जाणार, आणि त्याची किंमत मला नाही, त्यांना मोजावी लागणार. मला फार तर “गुरुजी लई खुशीत हायत” एवढं ऐकू आलं असतं.

म्हणून काही गोष्टी मी माझ्याकडून सोप्या करून ठेवल्या. कामाचा मेसेज शाळेच्या ग्रुपवर, जिथे मावशींचा मुलगा आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही आहेत. मॅडमना एकटीला काही कळवायचंच झालं तर संध्याकाळी सातच्या आत, आणि फक्त काम. रात्रीच्या खडकावर जाण्याआधी फोनमध्ये काही अडकून राहिलंय का ते बघतो. हे मी अजून करतो. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेला जायचं असलं की त्या त्यांच्या स्कूटरवर, मी माझ्या गाडीवर, एकामागे एक. एकदा त्यांची स्कूटर पंक्चर झाली तेव्हा मी माझी गाडी त्यांना दिली आणि वडापनं गेलो. त्यांनी गाडी चालवली, हे पाहून पार दिवसभर बोलत होता. तो वेगळा विषय.

राखीचंही सांगायला हवं. ऑगस्टच्या शेवटी, केंद्रातल्या एका जुन्या सरांनी सगळ्यांसमोर सुचवलं, “मॅडम, सरांना राखी बांधून टाका. दोघंच असता तिकडं, बरं दिसतं.” मला ते पटलंही होतं. ‘बहिणीसारखं मानतो’ म्हणणारा मीच. दादा-ताई म्हटलं की आपल्याकडे बोलण्याचा परवाना मिळतो, विमा उतरवल्यासारखं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मला सख्खे भाऊ दोन आहेत सर. सहकारी एकच आहे.” जुने सर हसले, विषय संपला. मी परत येताना पूर्ण रस्ताभर त्या वाक्याचा विचार करत होतो. ज्यांना दादा-ताई सोयीचं वाटतं त्यांनी जरूर म्हणावं. कित्येक शाळांत त्यानं माणसं वर्षानुवर्षं सुखानं काम करतात. पण नात्यात ओढलं की बाईला बहीण म्हणून वागावं लागतं, भावाचं ऐकावं लागतं, त्याचा डबाही बघावा लागतो. मॅडमना सर आणि मॅडम हेच पुरेसं होतं. खरं तर ‘सर’ आणि ‘मॅडम’ हे चांगले शब्द आहेत. त्यात अंतर आहे आणि ते अंतर दोघांचं सारखं आहे.

मेसेजबद्दल मॅडम स्वतःहून बोलल्या ते दिवाळीच्या सुट्टीआधी. ओसरीवर दाखल्यांचा गठ्ठा बांधत होतो, मावशी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, मला मेसेजचा राग नव्हता. धांदल झाली असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. पण रात्री दहाला घरात फोन कुणाच्या हातात असतो, याचा विचार तुम्ही केला नाहीत.” फोन मुलाच्या हातात होता. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला, सासूबाई आणि नुकतेच आलेले मिस्टर ताटावर असताना. कुणी काही बोललं नाही. “ते न बोलणं आठ दिवस चाललं,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी दारात येऊन बहीण म्हणालात. मला वाटलं, आता हे पण मलाच सांभाळायचं.”

मी म्हटलं, “चुकलं मॅडम.” एवढंच म्हटलं. तोवर एवढं शिकलो होतो.

त्यानंतर त्यांनीच एक केलं. दिवाळीनंतर शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी होती, तेव्हा माझी बायको आणि मुलगी एका शनिवारी आल्या होत्या, आणि त्याच दिवशी मॅडमनी मिस्टरांनाही बोलावलं. ते आणि मी मिळून मंडपाचे बांबू रोवले. बोलायचं काय हे आम्हा दोघांनाही कळेना, म्हणून आम्ही बांबूबद्दल बोललो. माझी बायको आणि मॅडम मात्र पाच मिनिटांत अशा बोलायला लागल्या की जणू एका वर्गात होत्या. त्यांचे नंबर एकमेकींकडे गेले. आता मॅडमच्या घरचं काही मला कळायचं झालं तर ते भोरहून कळतं. असं प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही. काही घरांत जोडीदाराला मधे आणलं की उलट शंका वाढते, आणि ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आमच्याकडे जमलं.

एक मर्यादा राहिली आहे आणि ती राहीलच. गुरुजींशी मी रात्री नऊला त्यांच्या खोलीत बसून जे बोलायचो, तसं मॅडमशी कधी बोलणार नाही. कर्जाचं, वडिलांच्या आजारपणाचं मी त्यांना सांगितलंय, पण ओसरीवर, दुपारी, मावशींच्या देखत. एखादं दुःख असं असतं की ते दुपारी सांगता येत नाही. ते मी मग भोरला नेतो.

यंदा पावसाळ्यात मला ताप आला आणि मी दोन दिवस खोलीवर पडून होतो. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सगळी पोरं मॅडमच्या एकाच खोलीत होती, कुणाचं तरी नाक वाहत होतं, चौथीचा भागाकार फळ्यावर अर्धा. मॅडम खडूनं भरलेले हात झटकत ओसरीवर आल्या. मावशी तांदूळ निवडत होत्या. मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सर, काल तुमची फार आठवण आली.”

मावशींनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. ती पहिलीतली, आता दुसरीत गेलेली मुलगी दारातून ओरडली, “मला पण!”

मी चौथीची मुलं घेऊन माझ्या खोलीत गेलो. भागाकार राहिला होता.